फिरत्या चकतीतला ताण : केंद्रात किती, कडेला किती

सगळीकडे सारख्या जाडीची, भरीव पोलादी चकती आपल्या अक्षाभोवती वेगाने फिरू लागली की तिच्या धातूत ताण निर्माण होतो. बाहेरून तिला कोणी ओढत नसते की दाबत नसते. तरीही वेग वाढवत नेला तर एका टप्प्याला ती फुटते. वर्तुळात फिरणाऱ्या प्रत्येक कणाचा कल सरळ रेषेत निघून जाण्याकडे असतो आणि त्याला वळवत ठेवायला केंद्राच्या दिशेने सतत ओढ लागते. चकतीत ही ओढ शेजारच्या धातूकडून मिळते. त्या शेजाऱ्यालाही फिरत राहायचे असतेच, म्हणून त्याला त्याच्या आतल्या धातूने धरून ठेवावे लागते. चकती टिकते ती या धरून ठेवण्यावर.

धातूच्या आत अशी जी ओढाताण चालते ती मोजताना एकूण बल पाहत नाहीत, ते किती क्षेत्रफळावर वाटले गेले ते पाहतात. एकक क्षेत्रफळावरच्या या बलाला प्रतिबल म्हणतात. त्याचे एकक मेगापास्कल, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला एक न्यूटन. दहा मेगापास्कल म्हटले की दर चौरस मिलिमीटरला साधारण एक किलो वजन टांगले आहे असे समजावे. फिरत्या चकतीत दोन प्रतिबले महत्त्वाची असतात. एक त्रिज्येच्या दिशेने ओढते. ते अरीय प्रतिबल. दुसरे परिघाच्या दिशेने, चाकावरच्या धावेत असते तसे, गोल फिरून ओढते; ते परिघीय प्रतिबल. इंजिनिअर मंडळी त्यालाच ‘हूप स्ट्रेस’ म्हणतात. चकतीच्या जाडीच्या दिशेने मात्र जवळजवळ काहीच ताण नसतो, कारण दोन्ही सपाट पृष्ठे मोकळी असतात.

आकडे हाताशी असावेत म्हणून एक ठरावीक चकती घेऊ. व्यास ६०० मिलिमीटर, जाडी ५० मिलिमीटर, वेग मिनिटाला ६००० फेरे. पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो धरली तर चकतीचे वजन १११ किलो भरते. तिची कड सेकंदाला सुमारे १८८ मीटर वेगाने, म्हणजे ताशी पावणेसातशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते.

आता ही चकती मनातल्या मनात एका व्यासावर कापावी आणि तिचा एक अर्धा भाग दुसऱ्यापासून किती जोराने सुटू पाहतो ते काढावे. अर्ध्या भागाचे वजन साडेपंचावन्न किलो. त्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून १२७ मिलिमीटरवर येतो. एवढे वस्तुमान एवढ्या अंतरावर मिनिटाला ६००० फेरे फिरवत ठेवायला लागणारे बल सुमारे २७.९ लाख न्यूटन, म्हणजे २८४ टन वजनाइतके असते. हे सारे बल कापलेल्या छेदावर, ६०० गुणिले ५० मिलिमीटर एवढ्या जागेत, पेलले जाते. भागाकार केला की ९३ मेगापास्कल येतात. व्यासावरच्या परिघीय प्रतिबलाची ही सरासरी झाली. ती काढताना धातू किती ताठर आहे, किती लवचीक आहे, याचा विचारच करावा लागला नाही. फक्त वजन, अंतर आणि वेग पुरले.

पण सरासरी म्हणजे प्रत्येक ठिकाणचा आकडा नव्हे. हे ९३ मेगापास्कल केंद्रापासून कडेपर्यंत सारखे वाटले जातात का? नसतील तर जास्त वाटा कोणाच्या पदरात पडतो? अंदाज बांधायला सांगितले तर बहुतेक जण कडेकडे बोट दाखवतील. वेग तिथे सर्वांत जास्त, बाहेर फेकणारा जोरही तिथेच सर्वांत जास्त. केंद्र तर जागच्या जागी फिरते, तिथे फेकणारा जोर शून्य. उत्तर मात्र नेमके उलटे आहे.

ते का, हे समजायला चकती एकात एक बसवलेल्या पातळ बांगड्यांची बनलेली आहे अशी कल्पना करावी. बांगड्या एकमेकींना चिकटलेल्या नसून सुट्या आहेत असे आधी धरू. सुटी फिरणारी बांगडी स्वतःचा भार स्वतःच्या परिघीय ताणावर पेलते, आणि तो ताण घनता गुणिले तिच्या वेगाचा वर्ग एवढा असतो. आपल्या चकतीच्या अगदी कडेच्या बांगडीत तो २७९ मेगापास्कल येईल. केंद्राजवळच्या बांगडीत जवळजवळ काहीच नसेल. ताणामुळे प्रत्येक बांगडी थोडी मोठी होते, पण सारख्या प्रमाणात नाही. त्रिज्येतली वाढ त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात होते, म्हणून बाहेरची बांगडी आतल्यांपेक्षा कितीतरी जास्त फुगते आणि बांगड्यांमध्ये फटी पडतात.

भरीव चकतीत फटी पडू शकत नाहीत. धातू सलग असल्यामुळे फुगू पाहणाऱ्या बाहेरच्या भागाला आतला भाग धरून ठेवतो, आणि या धरण्यातून अरीय प्रतिबल उभे राहते. बाहेरच्या भागाला आधार मिळाला म्हणून त्याचा परिघीय ताण घटतो. आतल्या भागावर मात्र स्वतःच्या नगण्य भाराखेरीज बाहेरच्या सगळ्यांचा भार येऊन पडतो. शिवाय केंद्राकडे जावे तसे तो भार पेलणारे वर्तुळ लहान होत जाते. कडेचे ओझे असे आत सरकते आणि केंद्रावर साचते.

हे सगळे गणितात मांडायला दोन गोष्टी पुरतात. प्रत्येक लहान तुकड्यावरच्या बलांचा मेळ बसला पाहिजे, आणि विकृत झाल्यावरही सारे तुकडे एकमेकांना जुळलेले राहिले पाहिजेत. त्यातून मिळणारी सूत्रे अशी आहेत :

σ_r = (3 + ν)/8 · ρω² · (R² − r²)

σ_θ = ρω²/8 · [(3 + ν)R² − (1 + 3ν)r²]

यात σ_r म्हणजे अरीय प्रतिबल आणि σ_θ म्हणजे परिघीय. ρ ही घनता, ω हा कोनीय वेग, R ही चकतीची त्रिज्या आणि r म्हणजे ज्या ठिकाणचा ताण हवा त्या ठिकाणाचे केंद्रापासूनचे अंतर. उरलेले ν हे पॉयसन गुणोत्तर. पट्टी लांबीत ताणली की ती रुंदीत थोडी आखडते. ते आखडणे लांबीच्या मानाने किती, हे या गुणोत्तरावरून कळते. पोलादासाठी ते सुमारे ०.३ असते.

केंद्रासाठी r शून्य ठेवला की दोन्ही सूत्रे एकच उत्तर देतात : (3 + ν)/8 · ρω²R². आपल्या चकतीत हे ११५ मेगापास्कल होतात, अरीय तेवढेच आणि परिघीयही तेवढेच. दोन्ही सारखी येण्याला गणिताची गरज नाही. केंद्रबिंदूवर त्रिज्येची दिशा आणि परिघाची दिशा असा फरकच उरत नाही. तिथून निघणारी प्रत्येक रेषा त्रिज्याच असते, तेव्हा ताण सगळीकडून सारखा असल्याखेरीज गत्यंतर नाही.

कडेला r आणि R सारखे होतात. तिथे अरीय प्रतिबल शून्य असते, कारण कडेच्या बाहेर धातू नाही आणि ओढायला कोणी नाही. परिघीय प्रतिबल मात्र शून्य होत नाही. ते (1 − ν)/4 · ρω²R² एवढे उरते. आपल्या चकतीत ते ४९ मेगापास्कल आहे. सुट्या बांगडीत २७९ झाले असते, त्यातले २३० आतल्या धातूने उचलले. त्रिज्येच्या मध्यावर, म्हणजे केंद्रापासून १५० मिलिमीटरवर, अरीय ८६ आणि परिघीय ९८ मेगापास्कल येते. म्हणजे केंद्राकडून निघाल्यावर दोन्ही ताण आधी सावकाश आणि पुढे पुढे भराभर उतरतात. परिघीय ताण ११५ पासून ४९ पर्यंत येतो, अरीय थेट शून्यावर, आणि परिघीयाची व्यासावरची सरासरी काढली तर अर्धी चकती कापून मिळालेले ९३ मेगापास्कलच परत हाती येतात.

या सूत्रांतून दोन गोष्टी चटकन ध्यानात येत नाहीत. पहिली अशी की जाडी कुठेच नाही. चकती दुप्पट जाड केली तर पेलणारी जागा दुप्पट होते, पण फेकले जाणारे वजनही दुप्पट होते, आणि ताण जिथल्या तिथे राहतो. फिरण्याच्या ताणाला उत्तर म्हणून सगळी चकतीच जाड करणे हा निव्वळ पोलादाचा अपव्यय आहे. दुसरी अशी की ωR हा कडेचा वेगच असल्यामुळे ताण ठरतो तो घनता आणि कडेचा वेग यांवर. निम्म्या फेऱ्यांनी फिरणारी दुप्पट व्यासाची चकती तेवढाच ताण सोसते. वेग वर्गात येतो, त्यामुळे तो दहा टक्क्यांनी वाढला तर ताण एकवीस टक्क्यांनी आणि वीस टक्क्यांनी वाढला तर चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढतो. टर्बाइनवरचा भार अचानक सुटला की वेग वर धावतो. तो ठरलेल्या हद्दीत रोखणारी यंत्रणा म्हणूनच प्रत्येक टर्बाइनला असते.

आता याच चकतीच्या मधोमध एक बारीक भोक पाडले तर? भोक टाचणीच्या जाडीचे असले तरी त्याच्या काठावरचे परिघीय प्रतिबल ११५ वरून २३० मेगापास्कलवर जाते. वजन घटले नाही, वेग बदलला नाही, तरी ताण दुप्पट. हे पटणे कठीण जाते, पण कारण केंद्रावरच्या त्या समसमान ताणातच आहे. भरीव चकतीचा केंद्राजवळचा लहानसा भाग म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखा ओढलेला पत्राच. एकाच दिशेने ओढलेल्या पत्र्यात गोल भोक पाडले तर त्याच्या दोन बाजूंना मूळच्या तिप्पट ताण येतो आणि त्यांना काटकोनात असलेल्या दोन ठिकाणी मूळच्याइतकाच पण दाबणारा, म्हणजे उणे एकपट. जर्मन अभियंता कीर्श याने हे १८९८ साली दाखवले. ओढ दोन्ही दिशांनी सारखी असेल तर प्रत्येक ठिकाणी तीन आणि उणे एक यांची बेरीज होते, आणि भोकाच्या सगळ्या काठावर दुप्पट ताण मिळतो. वेगळ्या शब्दांत सांगायचे तर आधी केंद्रातून आरपार जाणारी अरीय ओढ आता भोकापाशी अडते आणि तिला भोकाला वळसा घालून जावे लागते.

भोकाच्या आकाराने या पटीत फारसा फरक पडत नाही. व्यास एक मिलिमीटर असो वा वीस, काठावरचा आकडा २३० च्या आसपासच राहतो. आपल्या चकतीत २०० मिलिमीटरचे भोक केले तरी तो २३६ होतो. भोक वाढवत नेऊन चकतीची निव्वळ पातळ कडी उरली की तो सुट्या बांगडीच्या २७९ ला पोहोचतो. सगळी उडी त्या पहिल्या टाचणीएवढ्या भोकात आहे. लहान भोकाचा परिणाम मात्र दूरवर जात नाही. भोकाच्या त्रिज्येच्या तिप्पट अंतरावर गेले की वाढ दुपटीवरून अकरा टक्क्यांवर येते.

स्वीडनच्या गुस्ताफ दे लावाल याला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या अडचणीशी झुंजावे लागले. त्याच्या लहान वाफ टर्बाइनचे चाक मिनिटाला तीस हजार फेऱ्यांपर्यंत फिरे. एवढ्या वेगाला चाकाच्या मधून दांडा ओवणे परवडणारे नव्हते, म्हणून मोठ्या चाकांना त्याने मध्ये भोकच ठेवले नाही. दांड्याचे दोन तुकडे दोन्ही बाजूंनी चाकाला बोल्टने जोडले. चाकाचा आकारही त्याने बदलला. ते मध्ये जाड आणि कडेकडे पातळ होत जाणारे केले, जेणेकरून ताण सगळीकडे जवळपास सारखा राहील. वर सांगितले की सगळी चकती जाड करून काही मिळत नाही. पण मध्ये जाडी राखून कडेची जाडी घटवली तर फेकले जाणारे वजन कमी होते आणि पेलणारी जागा तीच राहते, म्हणून हा उपाय लागू पडतो. झुरिकचे प्राध्यापक आउरेल स्टोडोला यांच्या १९०३ मध्ये निघालेल्या वाफ टर्बाइनवरच्या ग्रंथाने अशा चकत्यांचे गणित इंजिनिअरांच्या नेहमीच्या वापरात आणले.

ताण कुठे जास्त आहे हे कळले तरी चकती कधी फुटेल हे लगेच कळत नाही. ते धातूच्या स्वभावावर अवलंबून असते. समजा आपल्या चकतीचे पोलाद ५०० मेगापास्कलपर्यंत लवचीक राहते आणि त्यापुढे कायमचे लांबू लागते. भरीव चकतीत ही वेळ प्रथम केंद्रावर येईल, मिनिटाला साधारण १२,५०० फेऱ्यांना. मध्ये बारीक भोक असेल तर ८,८५० फेऱ्यांनाच. पण लांबू लागणे म्हणजे फुटणे नव्हे. केंद्राचा धातू ५०० वर पोहोचला की तो पुढचा ताण घेत नाही, थोडा सैल होतो आणि जास्तीचा भार बाहेरच्या, अजून हलका ताण असलेल्या भागावर ढकलतो. वेग वाढत जातो तसा हा लांबणारा भाग कडेकडे पसरतो. सुमारे १३,९०० फेऱ्यांना तो कडेपर्यंत पोहोचतो, परिघीय ताण सगळीकडे ५०० होतो आणि भार ढकलायला जागा उरत नाही.

या शेवटच्या टप्प्याला जे महत्त्व उरते ते सरासरीचे. अर्धी चकती कापून काढलेला तो साधा आकडा इथे पुन्हा उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या रॉबिन्सनने १९४४ मध्ये टर्बाइनच्या चकत्या फुटेपर्यंत फिरवून केलेल्या चाचण्यांवर लिहिले, आणि चकतीची सरासरी परिघीय प्रतिबल धातूच्या तुटण्याच्या ताकदीशी ताडून पाहण्याची पद्धत त्याच्या नावाने चालते. धातू पुरेसा लांबणारा असेल तर बारीक भोकामुळे ही सरासरी बदलतच नाही, म्हणून फुटण्याचा वेगही फारसा घटत नाही. धातू ठिसूळ असेल, किंवा भोकाच्या काठाला आधीच चीर असेल, तर मात्र भार वाटून घेण्याची ही सोय नाही. तिथे सर्वांत जास्त ताणाचा बिंदूच निकाल लावतो आणि भोकाची ती दुप्पट पूर्णपणे बाधते. पॉलिकार्बोनेटच्या सीडी वेगवान ड्राइव्हमध्ये कधी कधी तुकडे तुकडे होत, तेव्हा मधल्या भोकाच्या काठाला आधीच पडलेली चीर हे एक ठरलेले कारण असे.

चकती मर्यादेपलीकडे गेली होती की नाही, हे थांबवल्यावर मोजून कळते. आपली चकती ६००० फेऱ्यांना त्रिज्येत जेमतेम ०.०७ मिलिमीटर वाढते आणि थांबली की पूर्ववत होते. जास्त वेगाच्या चाचणीनंतर व्यास किंवा मधले भोक मूळ मापावर परत आले नाही, तर केंद्राजवळचा धातू कायमचा लांबला आहे. कधी कधी हे मुद्दाम करतात. नवी चकती निर्वात केलेल्या खड्ड्यात ठरवून जास्त फिरवली की केंद्राचा धातू थोडा लांबतो, थांबल्यावर भोवतालचा धातू त्याला दाबून धरतो, आणि पुढे कामाच्या वेगाला तिथला ताण तेवढ्याने कमी राहतो. खड्डा निर्वात करण्याचे कारण साधे आहे. एवढ्या वेगाला हवेच्या घर्षणाने चकती तापते आणि फिरवायला अफाट शक्ती लागते. भिंती मात्र जाड लागतात. आपली चकती ६००० फेऱ्यांना तीन समान तुकड्यांत फुटली तर ३७ किलोचा प्रत्येक तुकडा ताशी पावणेचारशे किलोमीटरच्या वेगाने निघेल.

खऱ्या यंत्रात फिरण्याच्या ताणावर आणखी भर पडते. कडेला पाती बसवली की ती कडेला बाहेर ओढतात. भरीव चकतीत ही ओढ कडेपासून केंद्रापर्यंत सगळीकडे सारखीच पोहोचते. पात्यांमुळे कडेवर ४० मेगापास्कलची ओढ आली तर केंद्रातही दोन्ही प्रतिबले ४० ने वाढतात, आणि मध्ये बारीक भोक असेल तर त्याच्या काठावर ८० ने. चकतीऐवजी लांब रोटर असला तर जाडीच्या दिशेने धातू मोकळेपणाने आखडू शकत नाही. त्यामुळे केंद्रातला ताण पातळ चकतीच्या मानाने साधारण चार टक्के जास्त निघतो. ही भर किरकोळ आहे.

उष्णतेची भर किरकोळ नसते. टर्बाइन थंड अवस्थेतून सुरू होते तेव्हा वाफ कडेला आधी तापवते, मधला भाग मागे राहतो. तापलेली कड फुगू पाहते, थंड केंद्र तिला अडवते. परिणामी कड दबते आणि केंद्र ताणले जाते. आपल्या चकतीची कड केंद्रापेक्षा शंभर अंशांनी गरम असली आणि मधले तापमान अंतराच्या वर्गाप्रमाणे चढत गेले, तर केंद्रात सुमारे ६० मेगापास्कलची जास्तीची ओढ येते आणि कडेला १२० मेगापास्कलचा दाब. ६००० फेऱ्यांच्या ताणात हे मिळवले की केंद्र ११५ वरून १७५ वर जाते, आणि कडेचे ४९ जाऊन तिथे उलट ७१ चा दाब उरतो. थंड पोलाद तापलेल्या पोलादापेक्षा ठिसूळही असते. म्हणजे ज्या वेळी केंद्रावर सर्वांत जास्त ओढ, त्याच वेळी ते सर्वांत कमी सोसणारे.

त्यात पोलादाच्या घडणीची भर पडते. मोठ्या रोटरसाठी ओतलेला पोलादाचा ठोकळा बाहेरून आत गोठत जातो. गंधकासारखी अशुद्ध द्रव्ये द्रवात ढकलली जातात आणि जो भाग शेवटी गोठतो त्या मधल्या भागात अडकतात. ठोकून आकार दिल्यावरही ती अक्षाजवळच राहतात, म्हणजे ताण सर्वांत जास्त असतो तिथेच. ही घाण काढण्यासाठी आणि आतून पाहणी करता यावी म्हणून जुन्या रोटरच्या मधून आरपार भोक पाडत. त्याची किंमत परिघीय ताण दुप्पट होण्यात मोजावी लागे, पण तेव्हाच्या पोलादात हा सौदा बहुधा फायद्याचा होता. भोकाच्या काठामागे थोडी घाण उरली तर मात्र दोन्हीकडून तोटा.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, गॅलटिन वीजकेंद्रात, १९७४ च्या जूनमध्ये नेमके तसे झाले. तिथला एक टर्बाइन रोटर थंड अवस्थेतून वेगावर आणला जात होता. मिनिटाला सुमारे ३४०० फेऱ्यांवर, ३६०० च्या नेहमीच्या वेगाला पोहोचण्याआधीच, तो फुटला. तो नवा नव्हता. एक लाखाहून अधिक तास चाललेला होता. तपासात मधल्या भोकाच्या जवळ मँगनीज सल्फाइडचे पुंजके आढळले. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि पुन्हा पुन्हा सुरू-बंद होण्याने त्यांच्यापासून निघालेल्या चिरा एकमेकींना मिळत गेल्या होत्या, आणि त्या दिवशीच्या थंड सुरुवातीचा ताण त्यांना पेलला नाही. सूत्राने पाहिले तर त्या वेगाला असा रोटर सहज टिकायला हवा होता. सूत्रातला धातू निर्दोष असतो, खरा धातू नसतो. म्हणून मोठ्या रोटरच्या बाबतीत ताण किती याइतकेच तिथे चीर किती लांब आहे हेही विचारावे लागते. उत्तर शोधायला भोकातून अल्ट्रासॉनिक तपासणीची साधने आत सरकवतात. ध्वनिलहरी चिरेवर आपटून परत येतात, आणि त्यावरून तिची जागा आणि आकार काढतात.

पुढे वितळलेले पोलाद निर्वातात ओतून त्यातला हायड्रोजन काढण्याची पद्धत रुळली, गंधकाचे प्रमाण पुष्कळ खाली आले आणि मधला भाग बाहेरूनच अल्ट्रासॉनिकने तपासता येऊ लागला. तेव्हा भोक पाडण्याचे कारणच उरले नाही. आता अनेक मोठे रोटर एकसंध, मध्ये भोक न ठेवता घडवतात, आणि केंद्रातला ताण भरीव चकतीच्या त्या (3 + ν)/8 च्या पातळीवर ठेवतात.